आत आता किती माणसे आहेत?

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री गोव्यातील हडफडे येथील एका नाईट क्लबला आग लागली आणि २५ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक जण मौजमजेसाठी आलेले पर्यटक नव्हते, तर तेथे राबणारे कर्मचारी होते. प्रवेशद्वारावरची नोंद पाहुण्यांची असते. मागच्या दाराने कामावर आलेल्या माणसाची दखल ती घेत नाही.

ही बाब आपल्या शहरालाही लागू आहे. छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आहे, संत तुकाराम नाट्यगृह आहे, शिवाय अनेक बंदिस्त सभागृहे आहेत. आता तिकिटे मोबाईलवर येतात आणि दारावर त्यांचा संकेत यंत्राने वाचता येतो. साहजिकच असे वाटते की, संकटाच्या वेळी पडद्यावरचा हा आकडा अग्निशमन दलाच्या हाती दिला की काम झाले. परंतु हा आकडा नेमके काय सांगतो?

समजा, एका प्रयोगाची ८४० तिकिटे विकली गेली आणि त्यांतील ७९२ दारावर वाचली गेली. आई-वडिलांच्या मांडीवर बसलेली १८ मुले विनातिकीट आत आली. मध्यंतरात ३१ प्रेक्षक घरी निघून गेले. कलावंत, पडद्यामागचे साहाय्यक, डोअरकीपर, उपाहारगृहातील माणसे आणि पहारेकरी मिळून ४६ जण आत आहेत. म्हणजे प्रत्यक्षात ८२५ माणसे आत असताना पडदा ७९२ म्हणतो. फरक केवळ ३३ चा दिसतो. वस्तुतः ६४ माणसे नोंदीतच नाहीत आणि ३१ माणसे नोंदीत असून आत नाहीत. दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात. परिणामी घरी जेवायला बसलेल्यांचा शोध घेण्यासाठी जवान धुरात शिरतील आणि रंगपटात अडकलेल्याची कोणी विचारपूसही करणार नाही.

म्हणून प्रवेशाइतकीच निर्गमनाचीही नोंद हवी. मध्यंतरात बाहेर पडणारा आणि परतणारा, दोघेही मोजले गेले पाहिजेत. मुलांसाठी डोअरकीपरच्या हाती साधे गणकयंत्र पुरते. कलावंत व कर्मचाऱ्यांसाठी मागच्या दारावर नावांचा फलक असावा. आत येताना नावापुढची पट्टी सरकवावी, जाताना मागे घ्यावी.

नुसता एकूण आकडाही अपुरा आहे. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग तळमजल्यावरच्या रोहित्रात लागली, परंतु ज्यांनी प्राण गमावले ते ५९ जण वर बाल्कनीत बसलेले होते. खालचे प्रेक्षक बाहेर पडू शकले. म्हणून बाल्कनी, तळमजला आणि रंगपट यांची संख्या स्वतंत्र दिसली पाहिजे. माणूस कोणत्या भागात बसला, हे मुख्य दारावरच्या नोंदीला कळत नाही. ते त्या त्या भागाच्या दारावरच कळते.

धोक्याची घंटा वाजताच हा आकडा गोठवावा. त्यानंतर कोणतेही दार नोंदीसाठी अडवू नये. सर्व दारे सताड उघडावीत. वीज गेल्यावर बुकिंगच्या खिडकीतील संगणक मुका होतो, म्हणून दर काही मिनिटांनी ताजा आकडा आवाराच्या फाटकावर उभ्या असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या मोबाईलवर गेला पाहिजे.

येथे एक मर्यादा मान्य करावी लागेल. कारखान्यात कामगारांना मैदानात उभे करून हजेरी घेता येते; प्रेक्षक मात्र बाहेर पडताच दुचाकी काढून घरची वाट धरतो. म्हणून नावानिशी हजेरी कलावंत व कर्मचाऱ्यांचीच होऊ शकेल. प्रेक्षागृह रिकामे झाल्याची खात्री आकड्याने होत नाही. बाहेर पडता पडता डोअरकीपरने आपल्या वाट्याची रांग, कोपरा आणि प्रसाधनगृह डोळ्यांनी पाहून तसा निरोप फाटकावर द्यायचा आणि ज्या भागाचा निरोप आला नाही, तेथे किती माणसे होती हे गोठवलेल्या आकड्याने जवानांना सांगायचे. नोंदीचे खरे काम हे आहे.

व्याख्यानमाला असो वा स्नेहसंमेलन, कार्यक्रमाची संख्या घेणे आपल्या कार्यकर्त्यांना नवे नाही. परंतु ती संख्या वृत्तात लिहिण्यासाठी, एकदाच घेतली जाते. आता तिला आणखी एक कसोटी लावावी. कार्यक्रम संपल्यावर, शेवटचे कुलूप लावण्यापूर्वी पडद्याकडे पाहावे. तेथे शून्य दिसले पाहिजे. चाळीस दिसत असतील, तर त्या रात्री चाळीस जणांच्या जाण्याची नोंद झालेली नाही. अर्थात शून्य दिसले म्हणून आत येताना कोणी सुटले नाही, असे होत नाही. म्हणून मध्यंतरानंतर एकदा रांगांवरून फिरून माणसे मोजावीत आणि ती संख्या पडद्याशी ताडून पाहावी. ज्या सभागृहाचा आकडा साध्या रात्री जुळत नाही, त्याच्यावर आगीच्या रात्री विसंबायचे कसे?