मित्राच्या पुस्तकाला काय द्यावे?

दिवाळी अंकांची गडबड ओसरली की पुस्तक प्रकाशनांचा हंगाम सुरू होतो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना या दिवसांत दोन-चार निमंत्रणे येतात आणि त्यातले एखादे पहिलेच पुस्तक काढणाऱ्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे असते. आपण पुष्पगुच्छ घेऊन जातो. दाराशी मांडलेल्या टेबलावरून सवलतीत आठ-दहा प्रती उचलतो, एकीवर सही घेतो आणि बाकीच्या पुढे वाढदिवसांना वाटून टाकतो. यात वाईट काहीच नाही. पण पुस्तकाच्याच धंद्यात असलेल्या माणसाने एवढ्यावर थांबावे हे आम्हाला पटत नाही. मुद्रितशोधक, ग्रंथपाल, विक्रेता आणि संपादक यांना जे काम येते ते नवख्या लेखकाला कुठे विकत मिळत नाही. भेट द्यायचीच तर त्या कामाची द्यावी.

आधी प्रतींचा हिशेब पाहू. 168 पानांचा एक कथासंग्रह घेऊ. किंमत 250 रुपये, पहिली छपाई 300 प्रतींची. समारंभात वीस टक्के सवलत मिळाली तर दहा प्रतींना आपले 2000 रुपये जातात. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के ठरले असेल तर त्यातून लेखिकेला 250 रुपये मिळायचे, तेही वर्षाअखेरीस हिशेब झाला तर. शिवाय त्या दहा प्रती अशा दहा घरांत जातात जिथे त्या कुणी मागितलेल्या नसतात. पुस्तक खपते, पण वाचक मिळतोच असे नाही. म्हणून एक प्रत पूर्ण किमतीला घ्यावी, ‘भेट प्रत’ मागू नये, आणि उरलेले पैसे व वेळ खाली सांगितलेल्या कामाला लावावे.

आमच्या मते सर्वांत मोलाची भेट म्हणजे शुद्धिपत्र. प्रकाशनाच्या दिवशी मात्र त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. व्यासपीठावरून उतरलेल्या लेखिकेला ‘पान 43 वर एक चूक दिसली’ असे हसत हसत सांगणारे महाभाग प्रत्येक समारंभात भेटतात. त्या दिवशी फक्त एवढेच सांगावे, ‘तीन आठवड्यांत पुस्तक ओळीन् ओळ वाचून यादी देतो, पुढच्या छपाईआधी लागेल.’ पूर्वी हजाराची आवृत्ती संपेपर्यंत वर्षे जायची आणि तोवर यादी हरवायची. आता डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतींच्या खेपा निघतात, त्यामुळे पहिल्या वाचनात सापडलेली चूक काही महिन्यांत दुरुस्त होऊ शकते. ती यादी देणारा कुणी नसतो म्हणून तीच चूक खेपेमागून खेप छापली जाते.

मराठी पुस्तकात कुठे पाहायचे हे मुद्रितशोधकांना सांगायला नको, पण एक जागा दिसायला सोपी असूनही हमखास निसटते. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’. लेखिकेने चारदा वाचले तरी डोळा फसतो, कारण तिला शब्द पाठ असतो. जुळणीच्या फाइलमध्ये ‘र्य’ शोधले की अशा सगळ्या जागा एका बैठकीत सापडतात. मोह होतो तो एका कळीत सगळे बदलून टाकण्याचा. तसे केले की ‘मर्यादा’ची ‘मऱ्यादा’ आणि ‘कार्यालय’चे ‘काऱ्यालय’ होते आणि नवी खेप जुनीपेक्षा वाईट निघते. प्रत्येक जागा पाहूनच बदलावी लागते. जुळणी अजून जुन्याच फॉन्टमध्ये असेल तर पीडीएफमध्ये युनिकोड अक्षरे शोधून काही हाती लागत नाही. तिथे पेन्सिल आणि डोळे, दुसरा उपाय नाही.

मजकुराइतकेच मजकुराबाहेरचेही तपासावे. मलपृष्ठावरची किंमत आणि श्रेयनामावलीच्या पानावरची किंमत जुळते का? अनुक्रमणिकेतले पान क्रमांक शेवटच्या फेरफारानंतर सरकले का? आमच्या कथासंग्रहात शेवटच्या क्षणी अर्पणपत्रिकेसाठी दोन पाने वाढली असतील, तर अनुक्रमणिकेतली प्रत्येक कथा दोन पाने चुकलेली असते. ही चूक वाचकाला पहिल्या मिनिटात दिसते आणि लेखिकेला कधीच दिसत नाही, कारण आपल्याच कथा कुणी अनुक्रमणिकेतून शोधत नाही.

यादी कशी द्यावी यावर तिचा उपयोग ठरतो. लाल गोल केलेल्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले तर अक्षरजुळणी करणारा वैतागतो आणि निम्मे सोडून देतो. पान, वरून कितवी ओळ, छापलेले आणि हवे असे चार रकाने करून युनिकोडमध्ये टंकलेली यादी द्यावी म्हणजे त्याला शब्द उचलून चिकटवता येतो. नि:संशय चुका एका यादीत घ्याव्यात. ‘हा शब्द बदलला तर बरे’ अशा सूचनांची वेगळी यादी करून ती आपल्याजवळ ठेवावी आणि मागितली तरच द्यावी. दुरुस्तीनंतर बदललेल्या परिच्छेदांची पाने पुन्हा पाहून देणे हाही या भेटीचाच भाग, कारण एक शब्द वाढला की ओळ तुटते आणि कधी कधी पानाच्या तळाची ओळ पुढे ढकलली जाते. श्रेयनामावलीत तेव्हा ‘दुसरी आवृत्ती’ न लिहिता ‘पुनर्मुद्रण’ लिहायला सांगावे. चार अक्षरे दुरुस्त केल्याने नवी आवृत्ती होत नाही.

ग्रंथपाल मित्राची भेट वेगळी. त्याने पाच प्रती घेऊन पाच वाचनालयांना दान दिल्या तर बहुधा त्या कपाटावर पडून राहतात. न मागितलेली प्रत दाखल नोंदवहीत चढेपर्यंत महिने जातात आणि कधी ती चढतच नाही. त्यापेक्षा सभासदाची मागणी उपयोगी पडते. आपल्या गावच्या वाचनालयात मागणी नोंदवही असते. तिच्यात पुस्तकाचे व लेखिकेचे नाव, प्रकाशक, किंमत आणि आयएसबीएन नीट लिहावे आणि पुस्तक मिळेल तो विक्रेताही लिहावा. हा शेवटचा तपशील बहुतेक जण विसरतात. वाचनालये ठरलेल्या विक्रेत्याकडून सवलतीत घाऊक खरेदी करतात, आणि छोट्या प्रकाशकाचे पुस्तक त्याच्या यादीत नसेल तर मागणी असूनही येत नाही. इथे विक्रेता मित्राचे काम येते. त्याने चार प्रती आपल्याकडे ठेवल्या आणि वाचनालयांना जाणाऱ्या यादीत एक ओळ घातली की ही अडचण सुटते. मागणी मात्र खरी असावी. ज्यांना पुस्तक वाचायचे आहे अशाच सभासदांनी ती नोंदवावी आणि आल्यावर ते घरी न्यावे. कुणीच नेले नाही तर त्या लेखिकेचे दुसरे पुस्तक घेताना ग्रंथपाल ते लक्षात ठेवतो.

मित्राने पुस्तक स्वतःच काढले असेल तर आणखी एक काम त्याच्या डोक्यावर आहे, आणि बहुधा त्याला ते माहीत नसते. 1954च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून 30 दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमरा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते. लेखकच प्रकाशक असेल तर जबाबदारी त्याचीच. दंडाची रक्कम 50 रुपयांपर्यंत, म्हणजे भीती घालायला पुरणारी नाही. पण इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी कोलकात्याला पोचलेल्या प्रतींवरून तयार होते, आणि तिथे न गेलेले पुस्तक त्या नोंदीत येत नाही. ही चार पाकिटे पत्ते घालून समारंभाच्या दुसऱ्या दिवशी टाकून देणे ही पुष्पगुच्छाच्या किमतीत बसणारी भेट आहे. पोस्टखात्याने 2025च्या मेपासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले, तेव्हाचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक कर असा होता. आमचा 168 पानांचा कथासंग्रह डेमी आकारात, नेहमीच्या सत्तर ग्रॅमच्या कागदावर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे पाकिटासकट त्याच टप्प्यात बसतो. मजकूर शैक्षणिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक असावा आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव असावे अशी अट आहे, तेव्हा खिडकीशी हुज्जत घालण्यापेक्षा ते पान उघडून दाखवावे.

संपादकांना आणि समीक्षकांना आमचे सांगणे थोडे कडू आहे. मित्राच्या पुस्तकाचे परीक्षण मित्राने लिहू नये. चांगले लिहिले तर कुणी विश्वास ठेवत नाही, वाईट लिहिले तर मैत्री जाते, आणि अंकाची पत दोन्हींत कमी होते. त्यापेक्षा आपल्याला माहीत असलेली माहिती द्यावी. कोणती नियतकालिके कथासंग्रहांची दखल घेतात, तिथे कुणाच्या नावाने पाठवायचे, एक प्रत चालते की दोन लागतात, हे पहिल्या पुस्तकाच्या लेखिकेला कोण सांगणार? ती वीस ठिकाणी प्रती पाठवते आणि सोळा ठिकाणी ‘साभार पोच’मध्येसुद्धा नाव येत नाही, कारण ती नियतकालिके कथा वाचतच नाहीत. सहा नेमके पत्ते दिले तर तिच्या चौदा प्रती वाचतात. सोबत प्रत्येक प्रतीत घालायला अर्ध्या पानाची टिपणी लिहून द्यावी: पुस्तकात किती कथा आहेत, त्या कुठल्या परिसरातल्या आहेत, आधी कुठे छापून आल्या, किंमत, पाने, आणि संपर्काचा पत्ता. विशेषणे नकोत, ती परीक्षकावर सोडावीत.

एका गोष्टीची आठवण मात्र समारंभाच्याच दिवशी द्यावी, कारण तिला मुदत असते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे विभाग आहेत. पहिल्या काव्यसंग्रहाचा बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे, पहिल्या कादंबरीचा श्री. ना. पेंडसे यांच्या. प्रवेशिका एका कॅलेंडर वर्षात निघालेल्या पुस्तकांसाठी मागवतात. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस प्रकाशन करणाऱ्या मित्राला अर्ज भरायला हाती आठवडेच उरतात, आणि पहिले पुस्तक म्हणून मिळणारी संधी पुढच्या वर्षी परत येत नाही. अर्ज आपण भरून द्यावा, त्याने फक्त सही करावी.

वाचकांना एक विनंती. आपण मित्राच्या पुस्तकासाठी असे शुद्धिपत्र केले असेल तर लेखकाच्या संमतीने, पुस्तकाचे नाव झाकून त्याची एक-दोन पाने आमच्याकडे पाठवा. उपयोगी नमुने या मासिकात छापू, म्हणजे नव्या मुद्रितशोधकांना तयार साचा मिळेल.