मावशीच्या फॉर्ममधल्या तीन चुका

घरात सरकारी फॉर्म वाचता येणारी पहिली व्यक्ती म्हणून प्रत्येक कागद आपल्याकडेच येतो. गेल्या महिन्यात मावशीने उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र माझ्यापुढे ठेवलं. ती घरी ब्लाउज शिवते, जूनमध्ये शाळेचे गणवेशही. बँकेत कर्जाचं विचारायला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी कागद पाहून मान हलवली होती. "काय चुकलंय ते बघ रे," ती म्हणाली.

नोंदणी एका दुकानात आठशे रुपये देऊन झाली होती. खरं तर ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. ती udyamregistration.gov.in या एकाच सरकारी ठिकाणी होते. नावाने तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का, हे आधी पाहायचं. मालकाचा आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि पॅन एवढ्यावर काम होतं. कागद अपलोड करावे लागत नाहीत, सगळं स्वयंघोषणेवर चालतं. म्हणूनच भरणाऱ्याने जे लिहिलं तेच प्रमाणपत्रावर येतं.

उद्योगाचा प्रकार 'प्रोप्रायटरी' होता, तो बरोबर होता. एकटीचा धंदा म्हणजे एकल मालकी, पॅनही तिचाच. पहिली चूक सामाजिक प्रवर्गात होती. आम्ही अनुसूचित जातीतले, पण तिथे 'जनरल' निवडलेलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी अनोळखी दुकानात, रांगेत उभं राहून ती मोठ्याने बोलली असती का, हा प्रश्न आहेच.

दुसरी चूक कामाच्या वर्णनात. दुकानदाराने 'ट्रेडिंग' निवडून कपड्यांच्या किरकोळ विक्रीचा कोड टाकला होता. मावशी तयार कपडे विकत नाही, शिवते. कामाचे हे कोड राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातून येतात. त्यात विभाग 14 कपडे तयार करण्याचा आहे आणि मापाने शिवणाऱ्या शिंप्याचा कोड आहे 14105. म्हणजे शिलाई ही कागदावर 'मॅन्युफॅक्चरिंग' ठरते, विभाग 47 मधला किरकोळ व्यापार नव्हे. एकापेक्षा जास्त कोड घेता येतात, म्हणून गणवेशांसाठी 14101 हाही जोडला.

हा फरक पोकळ नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण त्यांना लाभ मिळतो तो फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या आणि ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांकडून. मावशी उद्या निविदा भरणार नाही. पण परवा चार जणी मिळून गणवेशांची ऑर्डर घ्यायची ठरवली, तर 'ट्रेडिंग' आणि 'जनरल' या दोन शब्दांनी ते दार आधीच बंद झालेलं असतं.

तिसरी चूक उलाढालीची. "मोठा आकडा असला की मोठं कर्ज मिळतं," असं सांगून दहा लाख लिहिले होते. आम्ही वही घेऊन बसलो. साध्या आठ महिन्यांत महिन्याला ४० ब्लाउज, शिलाई २०० रुपये: ६४,००० रुपये. लग्नसराई आणि दिवाळीचे चार महिने, महिन्याला ७०: ५६,००० रुपये. जूनमध्ये गणवेशाचे ६० जोड, कापडासह ५०० रुपयांनी: ३०,००० रुपये. एकूण दीड लाख.

यातून दोरा, वीज किंवा गणवेशाचं कापड वजा करायचं नाही, कारण उलाढाल म्हणजे आलेली सगळी रक्कम, नफा नव्हे. ब्लाउजचं कापड मात्र गिऱ्हाईक आणतं, म्हणून तिथे फक्त शिलाई धरली.

फुगवलेल्या आकड्याने काहीच मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंतची उलाढाल सूक्ष्म उद्योगातच मोडते (गुंतवणुकीची मर्यादा अडीच कोटी). बँक खेळत्या भांडवलाचा हिशेब साधारण उलाढालीच्या २० टक्क्यांनी करते. दीड लाखावर ३०,००० होतात, आणि पासबुकात त्याला आधार दिसतो. दहा लाख लिहून पासबुकात दीड लाख दिसले की साहेब मान हलवतात. पुढे आयकर विवरणपत्र भरलं, की उलाढाल तिथूनच घेतली जाते.

तिन्ही नोंदी त्याच साइटवर ओटीपी घेऊन, पैसे न देता दुरुस्त झाल्या. अर्धा तास लागला. आपल्या घरात, गल्लीत असं प्रमाणपत्र असेल तर मागून घ्या आणि हे तीन रकाने वाचा: प्रवर्ग, कामाचा कोड, उलाढाल. आणि नवा फॉर्म भरताना प्रवर्गाचा प्रश्न मावशीला घरी, स्वतः विचारा.