पुकारलेले पैसे आणि हाती आलेले पैसे



येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, सकाळी साडेनऊ वाजता, चर्चच्या अंगणात आपला वार्षिक लिलाव होईल. वस्तू पाच आहेत: पंचवीस किलो घरचा तांदूळ, दहा किलो गूळ, केळीचा घड, हाताने विणलेली घोंगडी आणि गावठी कोंबडा. प्रत्येक वस्तूची पहिली बोली तिच्या बाजारभावाच्या निम्मी धरली आहे. पुढील प्रत्येक बोली किमान ५० रुपयांनी वाढवावी लागेल.

गेल्या वर्षी आपण १६,४०० रुपये जाहीर केले. पण जमा झाले १३,९०० रुपयेच. कोंबड्यासाठी दोघांत ईर्ष्या लागली, बोली २,५०० रुपयांवर गेली, टाळ्या झाल्या, कोंबडा घरी गेला आणि पैसे मात्र आलेच नाहीत. ज्या मुलीच्या वसतिगृहाची १६,००० रुपये फी आपण भरणार होतो, तिच्या वडिलांना उरलेले २,१०० रुपये उसने काढावे लागले. टाळ्यांचा आनंद आपला, कर्ज त्यांचे!

म्हणून यंदा पैसे भरून पावती घेतल्याशिवाय वस्तू उचलता येणार नाही. दुपारी एकपर्यंत पैसे न आल्यास ती वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीस, तिच्या स्वतःच्या शेवटच्या बोलीला, देऊ केली जाईल. तिच्यावर सक्ती मात्र नाही. कारण पोकळ बोलीमुळेच तिची बोली चढलेली असू शकते. तिने नकार दिल्यास वस्तू तेथेच पुन्हा पुकारली जाईल. यासाठी पुकारणाऱ्याशेजारी बसलेला लेखनिक प्रत्येक बोली नावासह वहीत टिपील.

ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी आपली कमाल रक्कम लिहून बंद पाकिटात शनिवारी सायंकाळी सहापर्यंत कार्यालयात द्यावी. ती रक्कम सरसकट घेतली जाणार नाही. समजा, आपण घोंगडीसाठी ९०० रुपये लिहिले आणि समोरचा ७०० रुपयांवर थांबला, तर घोंगडी आपणांस ७५० रुपयांना मिळेल. पाकिटे लेखनिकच उघडील आणि आपल्या वतीने बोलील. पुकारणाऱ्यास आपली मर्यादा कळणार नाही. वस्तू देणाऱ्याने वा त्याच्या घरच्यांनी भाव चढविण्यासाठी बोली लावू नये.

लिलाव दुपारी बारा वाजता बंद होईल. परंतु घड्याळाकडे पाहून शेवटच्या क्षणी बोली लावण्यात अर्थ नाही. चालू वस्तूचा तिसरा पुकारा होईपर्यंत कोणीही बोलू शकेल, व प्रत्येक नव्या बोलीनंतर पुकारा पुन्हा ‘एकवार’पासून सुरू होईल.

यंदाचे पैसे गेल्या पावसात छप्पर कोसळलेल्या आपल्यातील एका विधवा भगिनीच्या घरासाठी आहेत. सुताराने वासे, रिपा व मजुरी मिळून १८,००० रुपये सांगितले आहेत. अधिक रक्कम आल्यास ती आजाऱ्यांच्या मदतनिधीत जाईल. पुढील रविवारी दारावरील फलकावर दोन आकडे लागतील: पुकारलेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम. यंदा ते दोन्ही सारखे असावेत, एवढीच विनंती.