खाण बंद करण्याचा खर्च ब्रासमागेच घ्या

पुण्याजवळच्या वाघोली-मोशीच्या पट्ट्यात दगडखाणी संपल्या की उरतात सरळ उभे कातळकडे आणि पाण्याने भरलेले खोल खड्डे. खाणपट्ट्याच्या अर्जासोबत मात्र जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा जोडलेला असतो. तो अमलात का येत नाही, याचे उत्तर प्रकल्प अहवालातल्या एनपीव्हीच्या तक्त्यात, म्हणजे पुढची सगळी आवक-जावक आजच्या किमतीत मांडणाऱ्या हिशेबात सापडते.

नमुन्यादाखल 5 हेक्टरची काळ्या दगडाची खाण घेऊ. वर्षाला 1 लाख टन दगड, मुदत 20 वर्षे, सुरुवातीची गुंतवणूक 2 कोटी, आजच्या भावाने वर्षाला 18 लाख शिल्लक. महागाई 6 टक्के आणि डिस्काउंट दर 12 टक्के धरला, तर एनपीव्ही सुमारे 12 लाख येतो. बँक खूश, मालक खूश. आता शेवटचा खर्च पाहू. कडे पायऱ्यांनी उतरते करणे, कुंपण, पाण्याचा निचरा, राखून ठेवलेली माती पसरणे, झाडे लावून ती जगवणे, याला आजच्या भावाने 80 लाख लागतात असे समजू. (खड्डा पुरा बुजवण्याचा प्रश्नच नाही. वीस लाख टन दगड म्हणजे सुमारे सात लाख घनमीटरची पोकळी, आणि तो दगड रस्त्यांत आणि इमारतींत गेलेला असतो.)

अहवाल लिहिणारा हे 80 लाख विसाव्या वर्षात टाकतो, 12 टक्क्यांनी डिस्काउंट करतो, आणि खर्च उरतो अवघा 8 लाख. एनपीव्ही 4 लाखांवर येतो, पण शून्याच्या वरच राहतो. चूक इथेच आहे. उत्पन्न दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवले आणि जमीन सावरण्याचा खर्च मात्र आजच्याच भावात गोठवला. पोकलेनचे भाडे, डिझेल आणि मजुरीही त्याच महागाईने वाढणार. विसाव्या वर्षी 80 लाखांचे सुमारे 2 कोटी 57 लाख होतात. त्यांचे आजचे मूल्य साडेसव्वीस लाख भरते आणि एनपीव्ही उणे 14 लाखांवर जातो. म्हणजे प्रकल्प मुळात तोट्याचाच होता. तो फायद्याचा दिसत होता, कारण तोटा गावाच्या नावावर टाकला होता. आपल्यासमोर आलेला अहवाल तपासायचा असेल तर एवढेच पाहावे: महागाईची टक्केवारी उत्पन्नाच्या ओळीला लावली आहे, तीच शेवटच्या खर्चाच्या ओळीला आहे का?

तक्ता बरोबर मांडला तरी एक अडचण उरते. विसाव्या वर्षी खाणीतून येणारा पैसा संपलेला असतो, क्रशर दुसऱ्या खाणीवर गेलेला असतो. त्या क्षणी अडीच कोटी खर्च करण्यापेक्षा अनामत बुडू देणे मालकाला स्वस्त पडते. प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी केंद्राने 2021 मध्ये आर्थिक हमी वाढवली. ‘ब’ वर्गाला ती हेक्टरी 3 लाख आहे. आपल्या खाणीला तोच दर लावला तर 15 लाख होतात. दगड हे गौण खनिज असल्याने त्याचे नियम राज्याच्या हाती आहेत. खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत, वनस्पती वाढवण्याची अट खाणपट्ट्यात घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले. पण पैसा बाजूला काढलेला नसेल तर अट कागदावरच राहते.

म्हणून हा पैसा दगड निघत असतानाच घेतला पाहिजे. 7 टक्के व्याजाच्या राखीव खात्यात आजच्या भावाने टनामागे सुमारे 3 रुपये 65 पैसे भरले आणि महागाईप्रमाणे ते वाढवत नेले, तर विसाव्या वर्षी पूर्ण रक्कम जमते. खडीच्या ब्रासमागे हे 16-17 रुपये पडतात. ब्रासची रॉयल्टीच 600 रुपये आहे. मालकाचा पैसा 7 टक्क्यांवर अडकत असल्याने त्याच्या हिशेबात एनपीव्ही आणखी खाली जाईल, हे खरे. त्याची ही तक्रार रास्त आहे, आणि तिला उतारा आहे. जिथला दगड काढून झाला तो भाग लगेच सावरला तर त्या प्रमाणात रक्कम परत द्यावी. काढलेली माती ढिगात वीस वर्षे पडून निर्जीव होण्याऐवजी दोन-तीन वर्षांत पसरली जाईल, ती दोनदा हलवावी लागणार नाही आणि एकूण खर्चही घटेल. एवढ्यानेही जी खाण तोट्यातून बाहेर येत नाही, तिने खडीचा भाव वाढवावा किंवा ती सुरूच होऊ नये.

राज्य सरकारने गौण खनिजाच्या नियमांत ही तरतूद करावी, रॉयल्टीच्या चलनासोबतच ही रक्कम वसूल करावी, आणि त्या खात्यातून जिल्हाधिकारी व ग्रामपंचायत यांच्या संयुक्त सहीशिवाय पैसे काढता येऊ नयेत.