आधी डॉक्टरांचं पत्र वाचा, मग मदत करा

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सहा वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवायला नगरला न्यावं लागतं. तिच्या थोरल्या भावाचा एचएलए तिच्याशी पूर्ण जुळला आहे. त्याची अस्थिमज्जा तिला दिली तर हे रक्त चढवणं थांबू शकतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी या प्रत्यारोपणाचं खर्चपत्र दिलंय, १४ लाखांचं.

त्यातले १० लाख कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून मंजूर झाले आहेत. ते थेट रुग्णालयाकडे जातील. वडिलांनी दोन गाई विकून १ लाख जमवले. उरलेल्या ३ लाखांसाठी आम्ही गावकरी तुमच्यापुढे हात पसरतोय.

घाई का? चढवलेल्या प्रत्येक पिशवीतलं लोह अंगात साठत जातं. ते काढायच्या गोळ्या चालू असूनही तिचं यकृत वाढू लागलंय. यकृत जितकं खराब, तितका प्रत्यारोपणाचा धोका जास्त. शिवाय पत्राची मुदत ३० दिवसांची आहे; ती टळली की नवं पत्र, कदाचित नवा आकडा.

पत्रात काय धरलेलं नाही, तेही सांगतो. खाली स्पष्ट लिहिलंय, ‘गुंतागुंत झाल्यास जादा खर्च’. नवी मज्जा रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात अंगात प्रतिकारशक्ती जवळपास नसते. साधा ताप आला तरी महागडी औषधं आणि प्लेटलेट लागतात. पुढे साधारण शंभर दिवस रुग्णालयाजवळच राहावं लागतं. ते खोलीभाडं या ३ लाखांत नाही. त्याची सोय नातेवाईक करताहेत.

२०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी १६ कोटींच्या इंजेक्शनचे पैसे उभे केले, तेव्हाही औषधाच्या किमतीवर सुमारे ६ कोटींचा कर वेगळाच निघाला होता. केंद्राने तो माफ केला. म्हणून पत्रातल्या आकड्याइतकंच त्याबाहेर काय राहिलंय, तेही विचारायला हवं.

पत्राची प्रत ग्रामपंचायतीत लावली आहे. त्यावर मुलीचा रुग्ण क्रमांक, डॉक्टरांची सही, शिक्का आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे. पैसे द्यायच्या आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात फोन करून रुग्ण क्रमांक सांगा आणि खात्री करून घ्या. फोन नंबर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून घेऊ नका, रुग्णालयाचा स्वतः शोधा. धनादेश फक्त रुग्णालयाच्या नावे काढा आणि मागे रुग्ण क्रमांक लिहा. पत्राच्या फोटोखाली कुणाच्या खात्याचा क्यूआर कोड जोडलेला दिसला, तर तो आमचा नाही. तिथे एक रुपयाही टाकू नका.

३ लाख भरले की त्याच दिवशी पत्राशेजारी ‘मदत पूर्ण’ असा कागद लावू. त्यानंतर आमच्या नावाने कुणी मागितलं तर देऊ नका.

— समस्त गावकरी