दाढीची सावली

मंगळवार पेठेतल्या माझ्या मित्राचा स्थळासाठी काढलेला फोटो मी संगणकावर 'स्वच्छ' करून दिला. तो पाहताच त्याची आई म्हणाली, "ह्यो माझा पोरगा न्हवं, मेणाचा बावला हाय!"

चूक माझीच होती. दाढीची निळसर छटा जावी म्हणून मी हनुवटीपासून गळ्यापर्यंत सारे धूसर करून टाकले. छटा राहिलीच, त्वचेची रंध्रे तेवढी गेली आणि जबड्याची कड गळ्यात विरघळली.

ती छटा म्हणजे डाग नव्हे, कातडीखालच्या काळ्या केसांचा रंग आहे. म्हणून रंगाला रंगानेच उत्तर द्यावे. वेगळ्या थरावर `Color` ठेवून गालाचाच रंग मऊ ब्रशने, 10-15 टक्के जोराने फिरवावा. निळेपणा जातो, रंध्रे राहतात. काळपटपणा उरतो, तो `Curves` ने किंचित उजळावा; पार घालवायच्या मागे लागू नये.

वस्तऱ्याने उठलेल्या पुळ्यांचे तसे नाही. त्या `Healing Brush` ने एकेक काढाव्यात, ब्रश पुळीहून थोडाच मोठा. जबड्याच्या कडेशी मात्र हे साधन पार्श्वभूमीचा रंग ओढून धब्बा पाडते. तिथे `Clone Stamp` घेऊन नमुना कडेच्याच रेषेतून उचलावा. कडेबाहेर डोकावणारी लवही त्यानेच पुसावी.

आणि जबड्याखालची सावली? ती दाढीची नव्हे, उजेडाची. तिला हात लावणे मला मुळीच मान्य नाही. चेहऱ्याचा घाट तिनेच दिसतो.

दुसऱ्या खेपेस मी हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणही ठेवला. फोटो हातात घेऊन आईने आधी त्याच्यावरच बोट ठेवले.