शटरवर उघडण्याची तारीख लिहा! गणपतीला गावी निघालेल्या दुकानदारांना आवाहन

दुकानदार बंधुभगिनींनो,

यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ला आहे. मुंबई-ठाण्यातली कितीतरी दुकानं त्याआधीच बंद होतील आणि शटरवर नेहमीचा कागद लागेल: 'गावी जात आहे. दुकान बंद. गणपती झाल्यावर उघडेल.'

पण कोणाचा गणपती? दीड दिवसाचा १५ तारखेला जातो, अनंत चतुर्दशी २५ला आहे. मधले दहा दिवस गिऱ्हाइकाने हेलपाटे घालायचे का? त्यातून दुकान शिंप्याचं असेल, तर गिऱ्हाइकाचं कापडही त्याच शटरआड अडकलेलं असतं. म्हणून कळकळीची विनंती आहे, यंदा कागद असा लिहा:

'नमस्कार. गणेशोत्सवानिमित्त शनिवार, १२ सप्टेंबर ते रविवार, २० सप्टेंबर (दोन्ही दिवस धरून) दुकान बंद राहील.
सोमवार, २१ सप्टेंबरला सकाळी १० वाजता दुकान उघडेल.
तयार कपडे कृपया शुक्रवार, ११ सप्टेंबरला रात्री ९ पर्यंत घेऊन जावेत. तातडीचं काम असल्यास खालील नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करावं, संध्याकाळी ७ नंतर उत्तर देऊ. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

खाली दुकानाचं नाव आणि नंबर. नाव विसरू नका. या कागदाचा फोटो एकमेकांना पाठवला जातो, तेव्हा पाटी त्यात नसते.

'२० पर्यंत बंद' एवढंच लिहिलंत, तर निम्मे लोक २०लाच येऊन उभे राहतात. म्हणून उघडण्याची तारीख वेगळ्या ओळीत, वारासकट आणि सगळ्यात ठळक अक्षरांत हवी. नंबर मात्र जो खरंच उचलला जाईल तोच द्या. गावी रेंज मिळत नसेल, तर दुकानाची चावी ज्याच्याकडे आहे त्याचा द्या, अर्थात त्याला विचारून. औषधाचं दुकान असेल, तर जवळचं कोणतं दुकान उघडं आहे तेही लिहा. तापलेल्या मुलाचे आईबाप २१ तारखेपर्यंत थांबू शकत नाहीत.

हा कागद निघायच्या रात्री लावून उपयोग नाही. आठवडाभर आधी, दुकान उघडं असतानाच गल्ल्याजवळ लावा, म्हणजे लोक कपडे वेळेत नेतील. शटरवर लावताना प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड खाली ठेवा. भाद्रपदाच्या सरीत स्केचपेनची शाई एका रात्रीत ओघळते आणि नेमकी तारीखच वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर विसंबू नका, ते २४ तासांत जातं. ज्यांचे कपडे तुमच्याकडे आहेत, त्यांना हाच मजकूर एकेकाला पाठवा.

आणि परतीचं तिकीट मिळालं नाही, मुक्काम वाढला, तर शेजारच्या दुकानदाराला लगेच फोन करून शटरवरची तारीख बदलून घ्या.